परवान्याआधीची सावधगिरी

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामानबदलाविषयी आपले सल्लामत दिले. आपल्या हद्दीतील कृत्यांमुळे दुसऱ्या राष्ट्राच्या पर्यावरणाला लक्षणीय हानी पोहोचू नये यासाठी यथोचित दक्षता घेणे हे प्रत्येक राष्ट्राचे बंधनकारक कर्तव्य आहे, ही दक्षता कठोर असली पाहिजे, आणि खासगी कंपन्यांवर अंकुश ठेवणेही तिच्यातच मोडते, असा निर्वाळा त्यात आहे. वानुआतूसारख्या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने पुढाकार घेऊन हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमार्फत न्यायालयापर्यंत नेला होता. जगभरच्या डाव्या आणि पर्यावरणवादी चळवळींनी या मताचे स्वागत केले आणि ते योग्यच झाले. मात्र ‘यथोचित दक्षता’ हे शब्द या न्यायालयात प्रथमच उच्चारले गेलेले नाहीत. यापूर्वी ते एका नदीच्या, एका कारखान्याच्या आणि दोन गावांच्या बाबतीत कसोटीला लागले होते. त्या कसोटीतून काय हाती आले आणि काय निसटले, हे नीट पाहिल्याशिवाय नव्या मताचे मोल ठरवता येणार नाही.

ती नदी म्हणजे दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे. तिच्या पश्चिमेला अर्जेंटिना आणि पूर्वेला तिचेच नाव धारण करणारा उरुग्वे हा छोटा देश. पूर्वकाठावर फ्राय बेंतोस हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे मांसाचा अर्क आणि डबाबंद मांस युरोपच्या बाजारासाठी तयार होत असे, आणि गावाचे सारे जीवन त्या एका कारखान्यावर उभे होते. १९७९ मध्ये तो बंद पडला आणि गावाची उपजीविका गेली. पुढे १९८७ च्या वनीकरण कायद्याने दिलेल्या सवलतींमुळे उरुग्वेच्या गवताळ प्रदेशात निलगिरीची विस्तीर्ण लागवड झाली. झाडे तोडणीला आली तेव्हा युरोपातील कागद-उद्योगाची नजर त्यांच्यावर पडणे ओघानेच आले. स्पेनच्या एन्से आणि फिनलंडच्या बोत्निया या दोन कंपन्यांनी फ्राय बेंतोसजवळ लाकडाचा लगदा तयार करणारे दोन प्रचंड कारखाने काढण्याचे ठरवले. एकट्या बोत्नियाच्या कारखान्याची क्षमता वर्षाला दहा लाख टन होती. त्याला करमुक्त क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि जागतिक बँकेच्या गटातील वित्तसंस्थेचे कर्जही पुढे मिळाले. कच्चा माल उरुग्वेचा, पाणी नदीचे, विरंजन केलेला लगदा मात्र परदेशी जाणार, असा तो व्यवहार होता.

समोरच्या काठावर ग्वालेग्वायचू हे अर्जेंटिनाचे गाव आहे. नदीकाठचा पर्यटन-व्यवसाय, मासेमारी आणि शेती यांवर जगणारे. लगद्याच्या कारखान्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात. धुराड्यातून सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी पसरवणारे गंधकयुक्त वायू निघतात, आणि सांडपाण्यातून फॉस्फरस व नायट्रोजनसारखी पोषकद्रव्ये तसेच विरंजनात वापरलेल्या क्लोरीनयुक्त रसायनांचे अवशेष नदीत जातात. मंद वाहणाऱ्या, उथळ पाण्यात फॉस्फरस साचला की शेवाळ अतोनात वाढते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि काही जातींचे शेवाळ विषारीही असते. ग्वालेग्वायचूकरांना हीच भीती होती. फ्राय बेंतोसमधील बेकारांना मात्र त्या धुराड्यात पोटाची भाकरी दिसत होती. दोन्ही काठांवर कष्टकरीच होते, आणि दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

अशा प्रसंगासाठी या दोन राष्ट्रांमध्ये एक उत्तम करार होता, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९७५ च्या या कराराने नदीच्या कारभारासाठी उभय राष्ट्रांचा एक संयुक्त आयोग उभा केला आणि कोणत्याही मोठ्या प्रकल्पासाठी पायऱ्या ठरवून दिल्या. प्रकल्प करू इच्छिणाऱ्या राष्ट्राने प्रथम आयोगाला कळवायचे. त्यातून दुसऱ्या राष्ट्राला लक्षणीय हानी पोहोचेल का, याचा प्राथमिक निर्णय आयोगाने तीस दिवसांत करायचा. तसे वाटल्यास दुसऱ्या राष्ट्राला पूर्ण माहितीसह सूचना द्यायची आणि त्याला उत्तरासाठी १८० दिवस मिळायचे. हरकत आल्यास आणखी १८० दिवस वाटाघाटी करायच्या, आणि त्यांतूनही तोड निघाली नाही तर हेगच्या न्यायालयात जायचे. कारखान्याची पहिली वीट बसण्यापूर्वी शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे हा या साऱ्यामागचा हेतू होता. सावधगिरीचे तत्त्व हे शब्द तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात रूढ झाले नव्हते, पण त्याचा आशय या पायऱ्यांत होता.

उरुग्वेने पहिलीच पायरी गाळली. एन्सेला ऑक्टोबर २००३ मध्ये आणि बोत्नियाला १४ फेब्रुवारी २००५ रोजी पर्यावरणविषयक प्राथमिक परवाना देण्यात आला, तो आयोगाला रीतसर न कळवताच. पंधरवड्यानंतर, मार्च २००५ मध्ये, उरुग्वेच्या इतिहासात प्रथमच डाव्या पक्षांच्या व्यापक आघाडीचे सरकार सत्तेवर आले. बोत्नियाचा परवाना मावळत्या सरकारने दिलेला होता. नव्या सरकारला तो रोखून धरून नदीकराराच्या वाटेवर परत येता आले असते. तसे घडले नाही. परकीय गुंतवणूक, रोजगार आणि राष्ट्राची प्रतिष्ठा या तिन्हींची सांगड घालून डाव्या सरकारने तो कारखाना आपलाच मानला आणि जुलै २००५ मध्ये त्याच्या बंदरालाही अनुमती दिली. त्या सुमारास दोन्ही देशांचा तांत्रिक गट स्थापन झालेला होता आणि वाटाघाटी नुकत्याच सुरू व्हायच्या होत्या.

ग्वालेग्वायचूच्या नागरिकांनी सभा स्थापन केली आणि दोन देशांना जोडणारा पूल अडवला. नोव्हेंबर २००६ पासून ही अडवणूक अखंड झाली आणि ती जून २०१० पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, टिकली. या लोकलढ्याची चिकाटी असामान्य होती यात शंका नाही. परंतु अर्जेंटिनाच्या सरकारने तिचा उपयोग राष्ट्राभिमानाच्या चुलीवर आपली पोळी भाजण्यासाठी केला, हेही खरे. पाराना नदीकाठी अर्जेंटिनाचे स्वतःचे लगद्याचे कारखाने होते. त्यांच्या सांडपाण्याबद्दल त्या सरकारला इतकी कळकळ कधी वाटली नव्हती. शिवाय पूल अडवला जाऊ दिल्याबद्दल दक्षिण अमेरिकेच्या सामायिक बाजारपेठेच्या लवादाने सप्टेंबर २००६ मध्ये अर्जेंटिनालाच दोष दिला. पर्यावरणाबाबत उरुग्वेने दक्षता घेतली नाही असे म्हणणाऱ्या राष्ट्राला, तुम्हीही आपल्या हद्दीतील अडवणुकीबाबत दक्षता घेतली नाही, असे ऐकावे लागले.

मे २००६ मध्ये अर्जेंटिना हेगच्या न्यायालयात गेला. खटला चालू असेपर्यंत बांधकाम थांबवावे ही त्याची विनंती जुलै २००६ मध्ये चौदा विरुद्ध एक मताने फेटाळली गेली. एन्सेने फ्राय बेंतोसची जागा सोडली, पण बोत्नियाचा कारखाना नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला. अंतिम निकाल २० एप्रिल २०१० रोजी लागला, तेव्हा कारखाना अडीच वर्षे चालू होता.

निकालाचा पहिला भाग अर्जेंटिनाच्या बाजूने गेला. उरुग्वेने आयोगाला आणि शेजाऱ्याला वेळेवर न कळवून कराराचा भंग केला, असे न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने ठरवले. कंपन्यांकडून आणि इतरांकडून आयोगाला माहिती मिळालीच होती, हा उरुग्वेचा बचाव टिकला नाही. ही माहिती राष्ट्रानेच द्यावयाची असते, आणि ती परवान्यानंतर नव्हे तर परवान्याआधी द्यावयाची असते, असे न्यायालयाने बजावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सीमापार हानीचा धोका असलेल्या औद्योगिक प्रकल्पासाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करणे हे आता सर्व राष्ट्रांवर बंधनकारक असलेल्या सामान्य आंतरराष्ट्रीय कायद्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने प्रथमच सांगितले. केवळ नियम केले म्हणजे दक्षता झाली असे होत नाही. ते अमलात आणण्यात जागरूकता हवी आणि सरकारी तसेच खासगी उद्योगांवर प्रशासनाचे प्रत्यक्ष नियंत्रण हवे, हेही त्यात आले. येथपर्यंत निकाल प्रगमनशील आहे.

पण या भंगाची शिक्षा काय? भंग झाला असे न्यायालयाने जाहीर करणे हेच पुरेसे समाधान, असे उत्तर मिळाले. कारखाना पाडण्याची अर्जेंटिनाची मागणी अमान्य झाली. एवढ्यावर हे थांबत नाही. वाटाघाटी चालू असताना बांधकामाला अनुमती देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले खरे. पण वाटाघाटींची मुदत संपली की, वाद न्यायालयात असला तरी, बांधकाम करण्यास करारानुसार बंदी उरत नाही, असाही अर्थ त्याने लावला. म्हणजे जे राष्ट्र १८० दिवस कसेबसे काढील आणि मग बांधकाम सुरू करील, त्याला निकालाच्या दिवशी चालू कारखान्याचे वास्तव न्यायालयापुढे ठेवता येते. अशा वेळी भांडवलाचे वजन आपोआप तराजूत पडते. अब्जाहून अधिक डॉलर गुंतवून उभा राहिलेला कारखाना पाडा असे म्हणणारा न्यायाधीश विरळा.

निकालाचा दुसरा भाग खऱ्या प्रश्नाचा होता. नदी प्रत्यक्ष दूषित झाली का? येथे अकरा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आले की तसे सिद्ध झालेले नाही. न्यायालयाने वेगवेगळी द्रव्ये एकेक करून तपासली. कारखान्याची विरंजनाची पद्धत उद्योगातील उपलब्ध उत्तम तंत्रांशी सुसंगत आहे, असे त्याला आढळले. फॉस्फरसपाशी मात्र गाडी अडखळली. उरुग्वेच्या स्वतःच्या नियमानुसार नदीच्या एक लिटर पाण्यात ०.०२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फॉस्फरस नसावा, आणि नदीतील प्रमाण या मर्यादेच्या वर होते. परंतु ते कारखान्यापूर्वीही वरच होते. शेतांतील खते, गावांचे सांडपाणी आणि इतर उद्योग यांतून ते वर्षानुवर्षे साचत आले होते. संयुक्त आयोगाने फॉस्फरसची मर्यादा ठरवलेलीच नव्हती. एकूण भाराच्या मानाने या कारखान्याचा वाटा नगण्य आहे, म्हणून कराराचा भंग नाही, असा निष्कर्ष निघाला. ४ फेब्रुवारी २००९ रोजी नदीवर हिरवे शेवाळ पसरले होते. त्याचा संबंध कारखान्याच्या सांडपाण्याशी असल्याचे शाबीत झाले नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

‘नगण्य वाटा’ या युक्तिवादात काय दडले आहे, हे पाहिले पाहिजे. नदी जितकी आधी दूषित, तितका नव्या दूषित करणाऱ्याचा हिस्सा टक्केवारीत लहान. म्हणजे ज्या नदीला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तिच्यावर नवा भार टाकणे कायद्याने सर्वांत सोपे. वास्तविक आधीच भरलेल्या घागरीत आणखी एक तांब्या ओतला जात असताना तांब्या लहान आहे का हे विचारण्यात अर्थ नसतो. घागरीत जागा किती उरली आहे, हे विचारायला हवे.

येथेच सावधगिरीचे तत्त्व कामी यायला हवे होते. १९९२ च्या रिओ परिषदेने ते मान्य केले. गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर शास्त्रीय खात्री अपुरी आहे या सबबीवर प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकू नयेत, असा त्याचा आशय. अर्जेंटिनाचे म्हणणे असे की, या तत्त्वानुसार कारखाना निर्धोक आहे हे उरुग्वेने सिद्ध करावे. न्यायालयाने हे अमान्य केले. कराराचा अर्थ लावताना सावधगिरीचा दृष्टिकोन उपयोगी पडेल, परंतु त्यामुळे शाबितीचा भार उलटत नाही, असे ते म्हणाले. हानी झाली असे म्हणणाऱ्यानेच ती शाबीत करायची.

हा भार केवढा असतो? कारखान्याची यंत्रे, सांडपाण्याची मोजणी आणि रसायनांची नोंद कंपनीच्या हाती असते. नदीपलीकडच्या गावकऱ्यांकडे वासाची तक्रार आणि मेलेले मासे असतात. प्रकल्पापूर्वीच्या पाण्याची, माशांची आणि गाळाची पुरेशी नोंद नसेल तर नंतरच्या मोजणीला तुलनेचा पायाच उरत नाही, आणि शास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाला की लाभ आपोआप कारखान्याला मिळतो. या खटल्यात दोन्ही पक्षांनी हजारो पानांचा शास्त्रीय पुरावा सादर केला, पण न्यायालयाने स्वतःचे तज्ज्ञ नेमले नाहीत. अल्-खसावनेह आणि सिम्मा या दोन न्यायाधीशांनी आपल्या संयुक्त भिन्नमतात यावर बोट ठेवले. केवळ कायदा जाणणाऱ्यांनी अशा पुराव्याचा निवाडा करणे ही सदोष पद्धत आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

शाबितीचा भार उलटवणे ही अशक्य कल्पना आहे असे कोणी समजू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील चर्मोद्योगाच्या प्रदूषणाविषयीच्या वेल्लोर खटल्यात, ऑगस्ट १९९६ मध्ये, सावधगिरीचे तत्त्व हा देशाच्या कायद्याचा भाग आहे आणि आपले कृत्य पर्यावरणाला अपायकारक नाही हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर आहे, असे स्पष्ट सांगितले. पालार नदीकाठच्या शेतकऱ्याला जो न्याय देशांतर्गत कायद्यात तत्त्वतः मिळाला, तो राष्ट्राराष्ट्रांतील कायद्यात ग्वालेग्वायचूच्या कोळ्याला मिळाला नाही. भारतानेही सीमेपलीकडे हाच न्याय लावला असे नाही. किशनगंगा जलविद्युत प्रकल्पावरील पाकिस्तानच्या तक्रारीत आंतरराष्ट्रीय लवादाने २०१३ मध्ये नदीत सेकंदाला किमान नऊ घनमीटर पाणी सोडण्याचे बंधन भारतावर घातले, पण सावधगिरीचे तत्त्व लावून धोरणकर्त्याची भूमिका घेण्याचे मात्र त्यानेही टाळले.

२०१० नंतर कायदा काहीसा पुढे सरकला आहे, हे मान्य केले पाहिजे. समुद्रतळाच्या खाणींविषयी २०११ मध्ये समुद्र-कायदा लवादाच्या खास शाखेने सावधगिरी ही यथोचित दक्षतेचाच अविभाज्य भाग आहे असे ठरवले, आणि विकसनशील राष्ट्रांनाही त्यात सवलत नाही असे सांगितले. तशी सवलत दिली तर कंपन्या सैल नियमांची राष्ट्रे शोधत फिरतील, हे त्यामागचे कारण. २०२५ च्या सल्लामतातही सावधगिरी दक्षतेच्या मापात धरली आहे. हानी अनेकांच्या एकत्रित कृत्यांतून घडली म्हणून कोणा एकाचे उत्तरदायित्व संपत नाही, आणि प्रत्येकाचा वाटा शास्त्रीय पद्धतीने निश्चित करता येतो, असेही तेथे म्हटले आहे. ‘नगण्य वाटा’ या जुन्या ढालीला यामुळे तडा गेला आहे. परंतु सल्लामत म्हणजे निवाडा नव्हे, आणि शाबितीचा भार अद्याप मूळ जागीच आहे.

यातून डाव्या चळवळीने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, दक्षता मोजायची ती परवान्याच्या आधी. परिणामांच्या मूल्यमापनात नेमके काय असावे हे न्यायालयाने ज्या त्या राष्ट्राच्या कायद्यावर सोपवले आहे, आणि पळवाट तेथेच आहे. म्हणून मूल्यमापनापूर्वी निदान एक वर्षभर, सर्व ऋतूंतील पाण्याची आणि जीवसृष्टीची मोजणी व्हावी. ती कंपनीच्या पैशाने पण कंपनीच्या हाताखाली नसलेल्यांनी करावी. नदीवर आधी असलेला एकूण भार हिशेबात धरला जावा. आणि वाद मिटेपर्यंत बांधकाम बंद राहील असे कलम प्रत्येक सामायिक नदीच्या करारात असावे, या मागण्या मोघम घोषणांपेक्षा अधिक उपयोगाच्या आहेत. न्यायालयाच्या १९७५ च्या कराराच्या वाचनात नेमके हेच शेवटचे कलम सापडले नाही.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. फ्राय बेंतोसला रोजगाराची गरज होती आणि तिथल्या डाव्या सरकारने ती ओळखली, यात गैर काही नाही. परंतु बेकाराची गरज पुढे करून परकीय भांडवलाला शेजाऱ्याचे पाणी दाखवणे हा समाजवाद नव्हे. तसेच पलीकडच्या कारखान्याविरुद्ध झेंडा फडकवून आपल्या काठावरच्या कारखान्यांकडे डोळेझाक करणे हाही नव्हे. दोन्ही काठांच्या कष्टकऱ्यांनी एकत्र बसून नदी काय सोसू शकेल हे ठरवले असते, तर पूल साडेतीन वर्षे बंद राहिला नसता. निकालानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये उभय राष्ट्रांनी संयुक्त शास्त्रीय देखरेखीची समिती नेमली आणि दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ कारखान्याच्या सांडपाण्याचे नमुने घेऊ लागले. ही गोष्ट २००३ मध्येही करता आली असती. १९७५ च्या करारात तिची तरतूद होती, आणि तिला लागत होते ते केवळ एक पत्र, संयुक्त आयोगाच्या पत्त्यावर, परवान्यावर सही होण्यापूर्वी पाठवलेले.